पत्र्याला हवा लागू देऊ नका

दोन माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाऊण लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. घरातल्या खोलीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. खोली मोठी असते, भिंतींचं प्लास्टर थोडी ओल शोषून घेतं आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून उरलेली वाफ निघून जाते. टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅम्पर केलं असेल तर मात्र या पाऊण लिटरला जायला जागाच नसते. अशा गाडीच्या राहत्या भागात जेमतेम १२ घनमीटर हवा मावते. १८ अंश सेल्सियसला एवढी हवा जास्तीत जास्त १८५ ग्रॅम वाफ धरू शकते. झोपलेली दोन माणसं तासाला सुमारे ९० ग्रॅम वाफ सोडतात. त्याआधी गॅसवर स्वयंपाक झाला असेल तर जळलेल्या प्रत्येक १०० ग्रॅम एलपीजीमागे १६० ग्रॅम पाणी हवेत आलेलं असतं. म्हणजे गाडी पूर्ण बंद ठेवली तर मध्यरात्रीच्या आधीच आतली हवा वाफेने गच्च भरते. पुढची वाफ सापडेल त्या सगळ्यात थंड जागी पाणी होऊन बसते आणि गाडीत ती जागा म्हणजे पत्रा.

आपल्याकडे हौशीने किंवा भाड्याने देण्यासाठी कॅम्पर बांधून घेणारे वाढले आहेत. त्यांच्या याद्यांमध्ये सोलर पॅनेल, बॅटरी, सिंक आणि फोल्डिंगचा पलंग हे सगळं तपशीलवार असतं. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये काय भरायचं हा रकाना मात्र ‘इन्सुलेशन’ या एका शब्दावर मिटतो. गाडी पाच वर्षांत आतून गंजणार की नाही हे याच रकान्यावर ठरतं, आणि एकदा प्लाय ठोकल्यावर तो पुन्हा उघडणं फार महागात पडतं. म्हणून एवढ्या एकाच गोष्टीकडे जरा बारकाईने पाहू.

हिशेबासाठी एक गाडी धरू. राहता भाग ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. गाडी पुण्याची आहे आणि ऑक्टोबरात स्पितीला उभी आहे. रात्री बाहेर उणे २ अंश आणि आत हीटर लावून १८ अंश. आतली आर्द्रता ६० टक्के. अशा हवेचा दवबिंदू १० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे ज्या पृष्ठभागाचं तापमान १० अंशांच्या खाली आहे, त्यावर पाणी धरणार. उघड्या पत्र्याची आतली बाजू या परिस्थितीत तीन अंशांच्याही खाली असते. पत्रा स्वतः उष्णतेला काहीच अडवत नाही. जो काही थोडा अडथळा होतो तो आतून-बाहेरून चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा. म्हणून पत्र्याला घाम फुटतो आणि सकाळी पहिला ब्रेक दाबला की छतावरचे थेंब मानेवर पडतात.

आता या पत्र्यावर आतून बंद छिद्रांचा फोम चिकटवला तर काय होतं? नुसता ६ मिलिमीटर जाडीचा फोम लावला तरी वाया जाणारी उष्णता निम्मी होते. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला सुमारे ११८ वॉट जात होते, ते ५९ वर येतात. १३ मिलिमीटरला ३८ आणि १९ मिलिमीटरला २८ वॉट. त्यापुढे २५ मिलिमीटरवर गेलात तर २३. पहिल्या सहा मिलिमीटरने ५९ वॉट वाचवले आणि १९ नंतरच्या सहाने फक्त पाच. पृष्ठभागाचं तापमानही असंच चढतं. ६ मिलिमीटरच्या फोमवर ते १० अंशांच्या जेमतेम वर असतं, म्हणजे अगदी काठावर. १९ मिलिमीटरला ते १४ अंशांच्या वर जातं आणि तिथे पाणी धरायचं थांबतं.

गाडीत पातळ थरच का परवडतो याचं उत्तर या आकड्यांमध्ये आहे. १.८ मीटर रुंदीच्या गाडीत दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटरचा थर दिला, त्यावर प्लाय लावला, की आडवा पलंग १.७ मीटरच्याही आत येतो आणि साडेपाच फुटांच्या माणसालाही पाय धड सरळ करता येत नाहीत. दोन्हीकडे १९ मिलिमीटर दिले तर फक्त चार सेंटिमीटर जातात. मात्र वरचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. फोम पत्र्याला सगळीकडे चिकटलेला असला पाहिजे आणि आतल्या हवेला त्याच्यामागे शिरायला वाट नसली पाहिजे. ही अट मोडली की जाडी कितीही असो, हवा पत्र्यापर्यंत पोचते, तिथे पाणी होते आणि ते पाणी आता इन्सुलेशनच्या मागे, डोळ्यांआड असतं.

नेहमी सुचणारं बहुतेक साहित्य या अटीवरच नापास होतं. ग्लासवूल घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये चांगलं काम करतं. गाडीत ते रस्त्याच्या हादऱ्यांनी हळूहळू खाली बसतं आणि भिंतीचा वरचा भाग मोकळा पडतो. शिवाय त्यातून वाफ विनासायास आरपार जाते. ती पत्र्यावर गार होऊन पाणी होते आणि तंतूंमध्ये अडकून राहते. थर्माकोलचे ताठ तुकडे पत्र्याच्या गोलाईला बसत नाहीत, त्यामुळे मागे पोकळ्या राहतात. हादऱ्यात ते पत्र्याला घासून कुरकुरतात आणि त्यांचे दाणे झडत राहतात. त्यातही एक दगा असा की पीव्हीसीचं आवरण असलेली वायर थर्माकोलला चिकटून राहिली तर आवरणातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो आणि वायर कडक होऊन तडकते.

चंदेरी बबल शीटबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरं आहे, पण त्यासाठी त्याच्यासमोर दोनेक सेंटिमीटर मोकळी हवा लागते. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या शीटला ती मिळत नाही. तिथे तिची किंमत चार मिलिमीटरच्या बबलएवढीच उरते.

स्प्रे फोम हा पर्याय चांगला आहे, पण तो अनुभवी माणसाने आणि मशीनने मारला तरच. डब्यातला फोम पोकळीत कोंबला तर त्याला सुकण्यासाठी लागणारी हवेतली ओल आतपर्यंत पोचत नाही. मधला गाभा ओलाच राहतो, फुगताना पत्र्याला बाहेरून पोक येतो आणि दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं बुजतात. ती छिद्रं बुजली की दरवाजा खालून सडलाच म्हणून समजा.

या सगळ्यांत गाडीला मानवतो तो नायट्राइल रबराचा काळा फोम. सेंट्रल एसीच्या डक्टवर आणि गार पाण्याच्या पाइपांवर जो मऊ काळा थर दिसतो, तोच हा. एसीच्या साहित्याच्या दुकानात तो ९, १३, १९ आणि २५ मिलिमीटर जाडीच्या रोलमध्ये मिळतो. डक्टचं आणि गाडीचं दुखणं एकच आहे. थंड धातू, भोवती दमट हवा आणि सतत थरथर. हा फोम लवचीक असल्याने पत्र्याच्या वळणांवर बसतो आणि हादऱ्यात पत्र्याबरोबर हलतो, घासत नाही. त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात. स्थिर हवेच्या तुलनेत त्यातून वाफ काही हजार पटींनी कमी जाते. थर्माकोलमध्ये हाच आकडा काही दहांच्या घरात असतो. विकत घेताना बोटभर पट्टी मागून घ्या आणि उघड्यावर तिला काडी लावून पाहा. काडी दूर केल्यावर ज्योत आपोआप विझली पाहिजे. पट्टी जळतच राहिली तर तो माल गाडीत नको.

याचा आणखी एक गुण आपल्या हवामानात फार मोलाचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या थंड भागांसाठी लिहिलेला सल्ला असा असतो की वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा उबदार बाजूला, म्हणजे आतून लावा. स्पितीत तो बरोबर आहे. तीच गाडी जुलैत मालवणला उभी करा. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू २६ अंशांच्या वर. आत एसी लावून २३ अंश. आता उबदार बाजू बाहेर गेली. दरवाज्याच्या, वायरच्या, दिव्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा भिंतीत शिरते आणि त्या प्लास्टिकच्या मागच्या गार बाजूवर पाणी होते. जो पडदा हिवाळ्यात राखण करत होता, तोच पावसाळ्यात पाणी कोंडून ठेवतो. एकाच गाडीने कोकण आणि हिमालय दोन्ही करायचे असतील तर कुठल्या बाजूला पडदा हा प्रश्नच उरू नये. पूर्ण जाडीभर वाफ अडवणारा आणि पत्र्याला घट्ट चिकटलेला फोम दोन्ही दिशांना सारखंच काम करतो.

चिकटवणं हेच यातलं खरं कौशल्य आहे. पत्रा आधी साबणाच्या पाण्याने धुवायचा, गंज घासून काढायचा, तिथे प्रायमर मारायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा. पत्रा फार घणघणत असेल तर मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर ब्यूटिलची डॅम्पिंग शीट आधी लावायची. तीस टक्क्यांच्या आसपास भाग झाकला तरी आवाज बराच उतरतो. या शीटने उष्णता अडत नाही आणि फोमने पत्र्याची घणघण पुरेशी थांबत नाही; दोघांची कामं वेगळी आहेत. वायर टाकायच्या असतील तर त्या पाइपात घालून फोमच्या आतल्या अंगाने न्यायच्या, म्हणजे पुढे फोम न फाडता बदलता येतात.

फोमचा तुकडा मापापेक्षा दोन्हीकडे पाचेक मिलिमीटर मोठा कापायचा. ओढून ताणून बसवलेला तुकडा काही महिन्यांत आक्रसतो आणि सांध्यात फट पडते. थोडा मोठा तुकडा दाबून बसवला तर कडा एकमेकींना रेटून राहतात. सिंथेटिक रबराचं काँटॅक्ट अडेसिव्ह फोमला आणि पत्र्याला, दोन्हींना पातळ लावायचं आणि थांबायचं. डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा १० ते २० मिनिटं. बोटाची मागची बाजू टेकवल्यावर अडेसिव्ह चिकट लागलं, पण बोटाला आलं नाही, की वेळ झाली. घाई केली तर आत अडकलेलं सॉल्व्हंट बुडबुडे धरतं आणि पहिल्या उन्हात छतावरचा तुकडा लोंबतो. मग एका कडेपासून सुरुवात करून, मागे हवा राहणार नाही असा, हाताने किंवा रोलरने दाबत जायचं. पुन्हा उचलून नीट लावू म्हटलं तर फोम फाटतो. तुकड्यांच्या कडांनाही अडेसिव्ह लावायचं आणि सांध्यावर त्याच फोमची टेप मारायची. चिकट पाठीचा फोम मिळतो, पण तापणाऱ्या छताला नुसत्या त्या पाठीवर विसंबू नये.

हे काम भर पावसाळ्यात काढू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली ओल त्या ताज्या अडेसिव्हवरच बसते. वरून थर पांढुरका दिसतो आणि पकड जाते. दारं उघडी, तोंडाला सॉल्व्हंटच्या वाफेचा मास्क आणि जवळपास ठिणगी किंवा शेगडी नाही, हेही तितकंच पाळायचं. अख्खी गाडी करण्याआधी एका कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा लावून दुसऱ्या दिवशी ओढून पाहा. फोम फाटला आणि त्याची साल पत्र्यावर राहिली तर जोड पक्का. तुकडा अख्खा सुटून आला तर कुठेतरी तेल, ओल किंवा घाई आडवी आली आहे.

मोठे सपाट भाग झाले की बहुतेक जण थांबतात आणि गाडीच्या लोखंडी रिब उघड्या राहतात. साधा हिशेब करून पाहू. भिंतीचा नव्वद टक्के भाग १९ मिलिमीटर फोमने झाकला आणि दहा टक्के रिब तशाच ठेवल्या, तर भिंतीतून जाणाऱ्या एकूण उष्णतेचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग एकट्या त्या दहा टक्क्यांतून जातो. आणि पाणी धरायला आता तीच जागा उरते. म्हणून रिबवर निदान ६ मिलिमीटर, जमल्यास ९ मिलिमीटरची पट्टी गुंडाळून चिकटवायचीच. पोकळ रिबच्या आत काही भरू नका. तिच्या तळाची छिद्रं मोकळी ठेवा आणि आत गंजरोधक मेण फवारा.

आतला प्लाय थेट रिबला स्क्रूने आवळला तर प्रत्येक स्क्रू थंडी आत आणणारी खुंटी होतो. थंडीत त्याच्या डोक्यावर थेंब दिसतो आणि हादऱ्यात तोच आधी ढिला होतो. त्यापेक्षा रिबमध्ये रिव्हेट नट बसवून, फोमच्या पट्टीवरून लाकडी पट्ट्या बोल्टने धरायच्या आणि बोल्टला नायलॉनचे लॉकनट किंवा थ्रेड लॉक वापरायचा. प्लाय मग त्या लाकडी पट्ट्यांना लावायचा, म्हणजे बोल्टची डोकी खोलीतल्या हवेपासून झाकली जातात. प्लायच्या सांध्यांमध्ये फेल्टची पट्टी घातली की कुरकुर थांबते.

एवढं केल्यावर सगळ्यात दुबळी बाजू उरते ती काचेची. आपल्या गाडीचं छत, बाजू आणि दारं मिळून सुमारे २० चौरस मीटर धरले, तर १९ मिलिमीटर फोममधून सुमारे ५६० वॉट जातात. तीन चौरस मीटरच्या एकेरी काचेतून मात्र एकटीतूनच ३५० जातात, कारण काच या बाबतीत पत्र्यासारखीच आहे. म्हणून उरलेल्या फोमचे काचेच्या मापाचे तुकडे कापून, कापडात शिवून, रात्री चुंबकांनी बसवायचे. त्यामागे काचेवर थोडं पाणी धरणारच. सकाळी तुकडे काढून काच पुसायची आणि ते उन्हात टाकायचे.

आणि पाऊण लिटरचं काय? फोम पाण्याला पत्र्यावर बसू देत नाही, पण ते पाणी गाडीबाहेर काढत नाही. ते काम हवेनेच करायचं. बाहेरच्या उणे २ अंशांच्या हवेत दर घनमीटरला जेमतेम ३ ग्रॅम वाफ असते, आतल्या हवेत ९. म्हणजे एक घनमीटर हवा बदलली की सुमारे सहा ग्रॅम पाणी बाहेर. तासाला ९० ग्रॅम काढायचे तर १५ घनमीटर हवा बदलावी लागते. छतावरचा पंखा सगळ्यात हळू गतीवर आणि समोरच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी, एवढ्यात ते होतं. यात वाया जाणारी उष्णता सुमारे १०० वॉट, म्हणजे उघड्या पत्र्याच्या एका चौरस मीटरपेक्षाही कमी. थंडी वाजते म्हणून ही फट बंद करणं हा सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे. गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवू नका. ती वाफ तर वाढवतेच, शिवाय बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याचा अलार्म पलंगाच्या उंचीजवळ हवाच.

लोखंडी चौकटीवर पत्रा मारून शेतावर ठेवलेली छोटी घरं आणि कंटेनरच्या केबिन यांनाही हेच नियम लागू आहेत. तिथे हादरे नसतात, पण थंड पत्रा आणि कोंडलेली वाफ तीच असते.

काम नीट झालं का हे पाहायला लेझरने नेम धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर आणि साधं आर्द्रतामापक पुरतं. थंड रात्रीनंतर पहाटे, दारं उघडण्याआधी, छत, रिब, कोपरे आणि दारांच्या कडा मोजा. चकचकीत फॉइलवर हे यंत्र खोटं बोलतं; तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. इतरत्र १४ अंश आणि एकाच रेषेत ८ आले तर त्या रेषेत एक सांधा सुटलेला आहे. बांधतानाच मागच्या चाकाच्या वर, खालच्या बाजूला, प्लायचा एक छोटा भाग चार बोल्टवर काढता येण्याजोगा ठेवा, कारण मागे पाणी जमलं तर ते तिथेच उतरतं. पहिला पावसाळा आणि पहिली थंडीची सहल झाली की तो काढून हात घाला. कोरडा पत्रा, घट्ट फोम आणि कुबट वास नाही, तर काम झालं.

पातळ थराची मर्यादाही स्पष्ट आहे. बाहेर उणे २० असताना याच १९ मिलिमीटरची आतली बाजू ११ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे पुन्हा दवबिंदूच्या काठावर. जानेवारीत लडाखला राहायचं असेल तर छताला दुसरा थर, दुहेरी काच आणि मोठा हीटर लागेल. मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात बंद ठेवलेली गाडीही यामुळे गार राहणार नाही. फोम उष्णता आत यायला उशीर लावतो, थांबवत नाही. तिथे पांढरं छत, सावली आणि पंखा यांचाच आधार. पण सह्याद्रीतला पाऊस, कोकणातला दमटपणा आणि हिमालयातला शरद, एवढ्यासाठी एक बोटभर जाडी पुरते. पैसे मोजके असतील तर जाडी वाढवण्याआधी ते रिबच्या पट्ट्यांवर, चांगल्या अडेसिव्हवर आणि छताच्या पंख्यावर घाला.